संवाद असले म्हणजे प्रसंग होत नाही

दादरच्या आमच्या लेखनगटात नव्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचताना एकच गैरसमज वर्षानुवर्षे समोर येतो, तो म्हणजे संवाद आले की प्रसंग झाला आणि संवाद नसले की ते सारकथन. प्रसंगात घटना घडायला लागणारा वेळ आणि ती वाचायला लागणारा वेळ साधारण सारखा असतो, तर सारकथनात वर्षे चार ओळींत सरतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते.

संवादाची खूण मात्र खरोखर फसवते. ‘“जेवलास का?” आई दारातच विचारायची आणि तो “भूक नाही” म्हणत चपला काढायचा,’ या वाक्यात दोन माणसे बोलतात, तरी ते सारकथनच आहे, कारण त्यात शेकडो संध्याकाळी एकत्र मिसळल्या आहेत, ‘विचारायची’, ‘काढायचा’ हा रीतिभूतकाळच ते सांगतो. साधा भूतकाळ असला म्हणजे प्रसंग, असेही नाही: ‘तीन वर्षे तो नोकरीसाठी भटकला’ हे सारकथनच. उलट लोकलच्या दारात उभी असलेली बाई एक पत्र काढते, वाचत नाही आणि पुन्हा पर्समध्ये ठेवते, तेव्हा एकही शब्द उच्चारला न जाता प्रसंग घडतो. माझी कसोटी अशी की, प्रसंगात पुढच्या क्षणी वेगळे काही घडू शकले असते असे वाचताना वाटते. सारकथनात निकाल आधीच लागलेला असतो.

घाई पकडायला हीच कसोटी उपयोगी पडते. समजा, गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासाला दोनशे पाने विरोध करणारे अण्णा आहेत. विकासकाच्या माणसाला चहा देण्यात तीन पाने जातात आणि मग येते: ‘अखेर बऱ्याच वादावादीनंतर अण्णांनी संमतीपत्रावर सही केली आणि घरात सुटकेची भावना पसरली.’ ‘अखेर’ आणि ‘बऱ्याच वादावादीनंतर’ हे शब्द मला नेहमी खटकतात, कारण ज्यासाठी वाचक थांबला होता ते सगळे त्यांच्या आड दडवलेले असते, आणि ‘सुटकेची भावना’ तर कोणाची तेही कळत नाही. आधीचे अण्णा नकार देणारे, नंतरचे सही केलेले. मधला माणूस कुठेच भेटत नाही. चाळीस पानांनंतर मुलगा जर म्हणाला, ‘त्या रात्री तुम्ही मला जे बोललात ते मी विसरलेलो नाही,’ तर शंकाच उरत नाही: कथानक ज्या क्षणावर उभे आहे तोच लेखकाने लिहिलेला नाही.

महत्त्वाचा क्षण गाळणे नेहमीच चूक नसते. निवेदक मुलगाच असेल आणि ती रात्र त्याला आठवायची नसेल, तर एका ओळीत उरकणे हीच त्याची वागणूक ठरते. पण मग पुढे कधीतरी त्या टाळण्याची किंमत त्याला मोजावी लागली पाहिजे. अन्यथा चहाची तीन पाने तीन ओळींवर आणावीत आणि वाचलेली जागा अण्णांच्या हातातले पेन कागदावर टेकण्याआधी कुठे अडते, त्या वेळी खोलीत कोण असते आणि कोण मुद्दाम बाहेर सज्जात जाऊन उभे राहते, यासाठी वापरावी.