वाढलेला रेशो आणि सिद्ध झालेला आजार: प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझमच्या दोन पायऱ्या

दोन रुग्णांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही रुग्ण समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण असे रुग्ण ओपीडीत नेहमी भेटतात. पहिले आहेत ४७ वर्षांचे शिक्षक. टेल्मिसार्टन ८०, अम्लोडिपिन १० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम अशा तीन गोळ्या न चुकता घेऊनही त्यांचं बीपी १६८/१०२ आणि पोटॅशियम ३.१. दुसऱ्या आहेत ६८ वर्षांच्या आजी. त्यांना याच तीन गोळ्या आणि शिवाय मेटोप्रोलॉल चालू आहे, गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी अधूनमधून असते. त्यांचं बीपी १६४/८४ आणि पोटॅशियम ३.२. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवं.

प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम हा आजार आहे का हे पाहायला दोघांचाही अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो, म्हणजे रक्तातल्या या दोन संप्रेरकांच्या आकड्यांचा भागाकार, काढला. शिक्षकांचा आला ३० आणि आजींचा ३७. रिपोर्टवर ३० ही मर्यादा छापलेली होती, त्यामुळे आकड्यांवरून आजींचा आजार पक्का आणि शिक्षकांचा काठावरचा, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात आजार शिक्षकांना आहे आणि आजींना नाही. हे कसं कळतं ते पाहायचं तर रेशो आणि त्यानंतरची खात्रीची तपासणी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, हे आधी समजून घ्यावं लागतं.

मूत्रपिंडाला शरीरात मीठ-पाणी कमी वाटलं की ते रक्तात रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं. अल्डोस्टेरॉन सोडियम राखतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. मीठ पुरेसं झालं की रेनिन खाली येतं आणि त्यामागोमाग अल्डोस्टेरॉनही. प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझममध्ये ग्रंथी कुणाच्या सांगण्याची वाट पाहत नाही, ती आपल्या मनाने अल्डोस्टेरॉन बनवत राहते. शरीरात मीठ साठतं, बीपी चढतं, मूत्रपिंड रेनिन बंद करून टाकतं, तरी अल्डोस्टेरॉन थांबत नाही.

म्हणूनच रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही जोडी एकत्र पाहायची असते. लघवी वाढवणाऱ्या गोळीनेही पोटॅशियम उतरतं, पण तिथे मीठ बाहेर गेल्यामुळे रेनिन वाढतं. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली असेल तर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही वाढतात आणि रेशो फारसा वर जात नाही. खोकल्यासाठी महिनोन्महिने भरपूर ज्येष्ठमध खाल्लं तर बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं आणि ही दोन्ही संप्रेरकं खाली जातात. पोटॅशियम कमी असलेल्या बीपीच्या रुग्णाला ज्येष्ठमधाबद्दल विचारायला आपल्याकडे बरेचदा विसरलं जातं.

रेशो विचारतो एवढंच: रेनिनच्या मानाने अल्डोस्टेरॉन जास्त आहे का? तो भागाकार आहे आणि भागाकाराचं दुखणं छेदात असतं. रेनिनची क्रियाशीलता ०.१ असेल तर अल्डोस्टेरॉन अवघं ५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर असूनही रेशो ५० येतो. अशा माणसात अल्डोस्टेरॉनचा अतिरेक दिसत नाही, फक्त रेनिन तळाला गेलेलं आहे. त्यामुळे रेशोसोबत अल्डोस्टेरॉनचा आकडा स्वतंत्रपणे वाचायचा. तो निदान १० असावा असं बरेच जण धरतात, काही ठिकाणी १५ सुद्धा.

आता आजींचा रिपोर्ट उघडू. त्यांचं अल्डोस्टेरॉन ११ आणि रेनिन ०.३. वय वाढतं तसं रेनिन आपोआप कमी होतं. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरने ते आणखी दबतं आणि बहुतेक वेदनाशामक गोळ्याही ते दाबतात. छेद तीन बाजूंनी लहान झाला आणि रेशो ३७ वर गेला.

शिक्षकांचं अल्डोस्टेरॉन १२ आणि रेनिन ०.४. त्यांच्या टेल्मिसार्टनने आणि क्लोरथॅलिडोन या लघवीच्या गोळीने खरं तर रेनिन वाढायला हवं होतं. वाढवणाऱ्या दोन गोळ्या असताना आणि आजींसारखं ते दाबणारं दुसरं काही नसतानाही ते ०.४ वर दबलेलं आहे, हीच या रिपोर्टमधली सगळ्यात मोलाची खूण. शिवाय पोटॅशियम कमी असलं की ॲड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन कमी बनवते, म्हणजे ३.१ पोटॅशियमवर आलेलं १२ हे खोटं कमी आहे. त्यांचा काठावरचा ३० माझ्या मते आजींच्या ३७ पेक्षा कितीतरी वजनदार आहे.

म्हणून रक्त पुन्हा घ्यायचं, पण तयारीने. पोटॅशियमच्या औषधाने पातळी ४ च्या आसपास आणायची आणि जेवणातलं मीठ कमी करायचं नाही. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड आणि लघवीच्या इतर गोळ्या शक्य असेल तर चार आठवडे बंद, बाकीच्या अडथळा आणणाऱ्या गोळ्या साधारण दोन आठवडे. मधल्या काळात बीपी सांभाळायला प्राझोसिन, डॉक्साझोसिन, हायड्रालाझिन किंवा हळू सुटणारं वेरापॅमिल देतात, कारण त्यांचा रेशोवर फार परिणाम होत नाही. हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखालीच. बीटा ब्लॉकर तर एकदम तोडणं धोक्याचं, आणि तो चालू असताना वेरापॅमिल सुरू केलं तर हृदयाचे ठोके फार मंदावू शकतात. ज्यांचं बीपी एवढंही सांभाळता येत नाही त्यांचं रक्त गोळ्या चालू ठेवूनच घ्यावं आणि वर शिक्षकांच्या रिपोर्टचा लावला तसा अर्थ लावावा.

रक्त सकाळी घेतात, माणूस उठून दोनेक तास हिंडल्या-फिरल्यावर आणि मग पाच ते पंधरा मिनिटं बसल्यावर. मूठ आवळायला लावू नये, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. नमुना बर्फात ठेवून पाठवायचा नाही. थंडीत निष्क्रिय प्रोरेनिन जागं होतं, रेनिन खोटं वाढतं आणि खरा आजार निसटतो. रक्ताचे बरेच नमुने बर्फात जातात, म्हणून सवयीने हाही तसाच जातो.

अजून एक जागा आहे जिथे चांगले डॉक्टरही अडखळतात. काही लॅब रेनिनची क्रियाशीलता मोजतात, काही थेट रेनिनचं प्रमाण. ३० ही मर्यादा पहिल्या पद्धतीची. थेट प्रमाण मिलियुनिट प्रति लिटरमध्ये असेल तर मर्यादा साधारण ३.७ धरतात. एखाद्याचं अल्डोस्टेरॉन १७ आणि थेट रेनिन २.५ असेल तर रेशो ६.८, म्हणजे स्पष्ट वाढलेला. तोच ६.८ कुणी ३० शी ताडून पाहिला तर रुग्णाला ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलं जाईल. एकक वाचल्याशिवाय रेशो वाचू नये.

तयारीनंतर शिक्षकांचं अल्डोस्टेरॉन १८ आणि रेनिन ०.३ आलं, रेशो ६०. आजींचं ११ आणि ०.३५, रेशो ३१. क्लोरथॅलिडोन थांबवल्यावर आजींचं पोटॅशियम औषधाशिवाय ४.१ वर टिकलं, शिक्षकांचं मात्र पोटॅशियमचं औषध थांबवताच पुन्हा घसरायला लागलं. कल दिसतो आहे, पण रेशो अजूनही दोघांचा वाढलेलाच.

इथून खात्रीची तपासणी सुरू होते. तिचा प्रश्न निराळा आहे: मीठ भरपूर दिलं, रेनिन गप्प केलं, तर अल्डोस्टेरॉन थांबतं का? रेशो ग्रंथीचा एका क्षणाचा फोटो काढतो. खात्रीच्या तपासणीत ग्रंथीला थांबण्याची सूचना देऊन ती ऐकते का ते पाहतात.

यातली सर्वाधिक वापरली जाणारी सलाइनची. सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान सुरू करून चार तासांत दोन लिटर नॉर्मल सलाइन शिरेतून देतात, म्हणजे जवळपास १८ ग्रॅम मीठ. बीपी आणि नाडीवर सतत लक्ष असतं. सुरुवातीला आणि शेवटी अल्डोस्टेरॉन, रेनिन, पोटॅशियम आणि कॉर्टिसॉल तपासतात. कॉर्टिसॉल यासाठी की तणावाने ते वाढलं तर अल्डोस्टेरॉनही त्याच्यासोबत वर जातं. शेवटचं कॉर्टिसॉल सुरुवातीपेक्षा जास्त असेल तर त्या दिवसाच्या वाढलेल्या अल्डोस्टेरॉनवर विश्वास ठेवता येत नाही.

माणूस आडवा असताना केलेल्या तपासणीत शेवटी अल्डोस्टेरॉन ५ च्या खाली गेलं तर आजाराची शक्यता कमी आणि १० च्या वर राहिलं तर आजार जवळपास पक्का. मधला पट्टा अनिश्चित. बसवून केली तर ६ च्या वरचा आकडा आजाराकडे बोट दाखवतो. मला बसवून करणं जास्त पटतं, कारण काही रुग्णांत अल्डोस्टेरॉन उभं-बसलं की वाढतं आणि आडवं झोपवल्यावर त्यांचा आजार निसटू शकतो.

शिक्षकांना आणि आजींना बसवून सलाइन दिलं. चार तासांनी शिक्षकांचं अल्डोस्टेरॉन ११.५ आणि आजींचं ३.५. आजींच्या ग्रंथीने सूचना ऐकली. त्यांचं रेनिन कमी आहे, पण अल्डोस्टेरॉन स्वतंत्र झालेलं नाही.

सलाइन सगळ्यांना देता येत नाही. बीपी अनावर असेल, हृदय कमजोर असेल, ठोके अनियमित असतील, मूत्रपिंड नीट चालत नसेल किंवा पोटॅशियम फारच कमी असेल तर ते टाळतात. आजींचा इको आणि क्रिएटिनिन पाहूनच त्यांना दिलं. ज्यांना एवढं पाणी झेपणार नाही त्यांना कॅप्टोप्रिलची २५ ते ५० मिलिग्रॅमची गोळी देऊन एक-दोन तासांनी रक्त तपासतात. अल्डोस्टेरॉन ३० टक्क्यांहून जास्त उतरलं तर ग्रंथी ऐकते आहे असं समजतात. ही तपासणी सोपी आणि सुरक्षित, पण तिची उत्तरं अधिक वेळा संदिग्ध येतात.

काहींना दुसरी पायरी लागतच नाही. लघवीची गोळी नसतानाही पोटॅशियम कमी, रेनिन मोजता न येण्याइतकं खाली आणि अल्डोस्टेरॉन २० च्या वर, हे तिन्ही एकत्र असेल तर खात्री झालेलीच आहे. शिक्षकांचं १८ होतं, म्हणून सलाइन दिलं.

आता त्यांचा सीटी स्कॅन होईल. त्यात डाव्या ग्रंथीत गाठ दिसली तरी अल्डोस्टेरॉन तीच बनवते आहे हे स्कॅन सांगू शकत नाही, कारण या वयात काही काम न करणाऱ्या गाठीही सापडतात. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दोन्ही ॲड्रिनल शिरांतून रक्त घेऊन बाजू ठरवावी लागेल. एका बाजूचा दोष असेल तर ती ग्रंथी काढतात, दोन्ही बाजूंचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन कायम.

आजींना प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम नाही, पण त्यांचं बीपी अजून वरच आहे. वेदनाशामक गोळी बंद ठेवून त्यांच्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि जोडीला २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन दिलं. रेनिन दबलेल्या, तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीवर ते आजार सिद्ध न होताही चांगलं चालतं. सोबत टेल्मिसार्टन असल्याने आता त्यांचं पोटॅशियम चढण्याची भीती आहे, म्हणून आठवड्याभरात आणि पुन्हा महिन्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगितलं आहे.