पोलिसांपुढची कबुली कोर्टात का चालत नाही

‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य साताऱ्या-सांगलीच्या बातम्यांत नेहमी दिसतं. खटला उभा राहतो तेव्हा मात्र ती कबुली पुराव्यात येत नाही आणि लोकांना वाटतं, वकिलाने पळवाट काढली. प्रत्यक्षात ती पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली असते, एवढ्यावरच ती बाद होते. मारहाण झाली होती का, हे सिद्ध करावं लागत नाही.

हा नियम दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे. सारावसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करवून घेण्यासाठी रयतेचा छळ होतो, असं मद्रास सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने 1855 च्या अहवालात नोंदवलं. बंद खोलीत काय घडलं याला साक्षीदार नसतो. कोर्टापुढे राहतो तो फक्त आरोपीचा शब्द आणि अंमलदाराचा शब्द. म्हणून 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अशी कबुलीच पुराव्यातून काढून टाकली. कबुलीचा उपयोगच उरला नाही, तर ती मारून काढण्याचं कारणही उरत नाही, हा त्यामागचा विचार. 1872 च्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम 25 आणि 26 म्हणून आली.

पण कलम 27 ने एक दार उघडं ठेवलं. समजा, कराडजवळच्या खुनातला आरोपी कोठडीत पंचांसमोर म्हणाला, ‘मी त्याला ज्या कोयत्याने मारलं, तो गोठ्यातल्या कडब्याखाली लपवलाय, दाखवतो.’ निवेदन पंचनामा होतो, पोलीस त्याच्यासोबत जातात, कोयता सापडतो. कोर्टात ‘कडब्याखाली लपवलाय, दाखवतो’ एवढंच वाचलं जातं. ‘मी मारलं’ गळतं, कारण कोयता सापडल्याने त्याला ती जागा माहीत होती एवढंच खरं ठरतं. त्याच कोयत्याने खून झाला, हे वेगळ्या पुराव्याने दाखवावं लागतं. पुलुकुरी कोट्टया खटल्यात, ब्रिटिशकाळात भारतातली शेवटची अपिलं जिथे जात त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1946 मध्ये ही रेषा आखून दिली.

खरी लढाई इथेच होते. जागा पोलिसांना आधीच कळलेली असेल, तर आरोपीच्या निवेदनामुळे काही शोध लागला असं म्हणता येत नाही. वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी उघड्यावर पडलेली असेल, किंवा पंच फितूर झाले, तर बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. माझ्या मते हे दार थोडं जास्तच उघडं आहे, कारण निवेदन मुळात कोठडीतच घेतलेलं असतं.

ज्याला खरोखर कबूल व्हायचं आहे, त्याने मॅजिस्ट्रेटपुढे जावं. तिथे त्याला आधी सांगितलं जातं की बोलण्याची सक्ती नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. विचार करायला साधारण 24 तास तरी दिले जावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये म्हटलं आहे. संघटित गुन्हेगारीच्या मोक्का कायद्यात मात्र पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली अटींसह चालते.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुनी कलमं 25, 26 आणि 27 आता त्याच्या कलम 23 मध्ये एकत्र आहेत. नियमाची गरज मात्र संपलेली नाही: 2017 मध्ये सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला होता.