मुलीच्या पत्रिकेतलं आठवं घर आणि सुरत-भुसावळचा बारा मिनिटांचा फरक

आखाजीच्या आधी दोन महिने आमच्याकडे गर्दी असते आणि येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न आधी विचारतो, "भाऊ, पोरगीले मंगळ शे का?" मंगळ आहे का नाही हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण ज्या घरातल्या मंगळाला लोक जास्त घाबरतात त्या आठव्या घराबद्दल मात्र कोणी नीट विचारत नाही. म्हणून हे माहितीपत्रक काढलंय. लग्न जुळवायला येण्याआधी एकदा वाचून घ्या म्हणजे समोर बसल्यावर आमचा आणि तुमचा वेळ वाचतो.

स्त्रीच्या पत्रिकेत लग्नापासून, म्हणजे पहिल्या घरापासून मोजलेल्या आठव्या घराला मांगल्यस्थान म्हणायची जुनी पद्धत आहे. पुरुषाच्या पत्रिकेत तेच घर आधी त्याच्या स्वतःच्या आयुष्यासाठी बघतात. बाईच्या पत्रिकेत मात्र परंपरेने त्यावरून संसार किती टिकणार, सौभाग्य किती हे पाहिलं जातं. वराहमिहिरांच्या बृहज्जातकात स्त्रीजातकाचा वेगळा अध्याय आहे आणि त्यात आठव्यातल्या पापग्रहाचा संबंध थेट वैधव्याशी जोडलाय. हे वाक्य अर्धवट ऐकून कितीतरी चांगली स्थळं मोडली गेलीत. पण परंपरेतच पुढचंही सांगितलंय की एकट्या आठव्या घरावर बोलायचं नाही, त्याचा स्वामी कुठे बसलाय, कोणाची दृष्टी आहे, चंद्रापासून आठवं कसं आहे आणि मुख्य म्हणजे नवऱ्या मुलाच्या स्वतःच्या पत्रिकेत आयुष्ययोग काय म्हणतो हे सगळं बघून मग बोलायचं. मुलाचं आयुष्य मुलीच्या पत्रिकेवरून ठरवणं हे आमच्या मते शास्त्रालाही धरून नाही.

आता सासरचा संबंध कुठून येतो ते बघा. सातवं घर नवऱ्याचं. कोणत्याही घरापासून दुसरं घर त्याच्या कुटुंबाचं आणि पैशाचं धरतात, आणि सातव्यापासून दुसरं मोजलं की आठवं येतं. म्हणजे आठवं घर नवऱ्याचं कुटुंब, त्याच्या घरचा पैसाअडका आणि त्या घरातली बोलणी दाखवतं. सासू वेगळी बघायची तर सातव्यापासून चौथं म्हणजे पत्रिकेतलं दहावं, सासरा सातव्यापासून नववं म्हणजे तिसरं, असं मोजतात. तरी सगळं सासर मिळून पोरीच्या संसारात किती हात घालणार हे पाहायला आठवं आणि त्याचा स्वामी, म्हणजे अष्टमेश, हेच धरतात.

नमुन्याला एक पत्रिका घेऊ. एप्रिल 2005 च्या पहिल्या आठवड्यातला, सकाळी साडेदहाच्या सुमाराचा जन्म. आईवडील सुरतला कामाला, पहिलं बाळंतपण म्हणून आई माहेरी भुसावळला आलेली, मूल तिथेच झालं आणि सव्वा महिन्याने सुरतला परत. आपल्याकडे अर्ध्या गावाची हीच स्टोरी आहे. पुढे पोरगी मोठी झाली, भावाने मोबाईलवर पत्रिका काढली आणि जन्मठिकाणाच्या जागी सवयीने सुरत टाकलं, कारण आधार कार्डावर पत्ता सुरतचा. दुसरी पत्रिका मामाने भुसावळला काढून घेतलेली. आता दोन कागद, तारीख तीच, वेळ तीच, आणि एकात मंगळ आहे तर दुसऱ्यात नाही.

असं का होतं ते सांगतो. घड्याळ सगळ्या देशाचं एकच आहे, 82.5 अंश रेखांशाचं, पण लग्न ठरतं ते त्या गावाच्या पूर्व क्षितिजावर कोणती रास उगवतेय त्यावर. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. भुसावळ साधारण 75.8 अंशावर, सुरत 72.8 वर, म्हणजे तीन अंश, बारा मिनिटं. बारा मिनिटांत लग्न साधारण तीन अंश पुढे सरकतं. एरवी या तीन अंशांनी लग्नरास बदलत नाही, पण या मुलीचं लग्न भुसावळच्या हिशोबाने मिथुनच्या सुरुवातीच्या एक-दोन अंशांवर आहे आणि सुरत टाकलं की ते मागे जाऊन वृषभेच्या शेवटच्या दोन अंशांत पडतं. रास बदलली की बाराच्या बारा घरं बदलली.

सुरतवाल्या पत्रिकेत वृषभ लग्न, आठवं घर धनू, त्यात ग्रह नाही. अष्टमेश गुरू, कन्येत पाचव्या घरात. मंगळ मकरेत म्हणजे नवव्या घरात, म्हणून लग्नाकडून मंगळ नाही. फक्त मिथुनेतला शनी दुसऱ्या घरातून सातव्या दृष्टीने आठव्याला बघतोय. यावरून कोणीही सांगेल की मंगळ नाही, सासर जरा हिशोबी आहे, बाकी काळजी नाही, पुढे जा.

भुसावळवाली पत्रिका खरी आहे, कारण जन्म तिथला. त्यात मिथुन लग्न, आठवं घर मकर, आणि त्यात मंगळ. घरातल्यांचा चेहरा इथेच पडतो. पण थांबा. मकर ही मंगळाची उच्च रास. चौथ्या घरातल्या कन्येच्या गुरूची पाचवी दृष्टी बरोबर या मंगळावर, आठव्या घरावर पडते, आणि मिथुन लग्नाला हाच गुरू सप्तमेश आहे, म्हणजे नवऱ्याचा ग्रह स्वतः मांगल्यस्थानाकडे बघतोय. परंपरेच्या भाषेत हा मोठा आधार आहे. चंद्र कुंभेत आहे, त्याच्यापासून आठवं घर कन्या, आणि तिथे गुरूच बसलाय. म्हणजे लग्नाकडून बघा नाहीतर चंद्राकडून बघा, आठव्याला गुरूचा हात आहे. फार पत्रिकांत हे दोन्हीकडून जुळत नाही.

एक बारीक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो. मंगळदोष नाही असं सांगणारा जो प्रचलित श्लोक बरेच जण दाखवतात त्यात आठव्या घरासाठी कर्क रास दिलीय, मकर तिथे सातव्यासाठी आहे. त्यामुळे "श्लोकात सूट आहे" असं या पत्रिकेला म्हणता येणार नाही. आम्ही इथे मंगळ आहे असंच लिहितो, उच्चीचा आणि गुरुदृष्ट असल्यामुळे सौम्य आहे असं पुढे लिहितो. चंद्राकडूनही तो बारावा येतोच, आणि बारावं मंगळाच्या घरांत धरतात. मंगळ लपवायचा आणि नंतर मुलाकडच्यांच्या गुरुजींनी काढून दाखवायचा, त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं, कारण आठव्या घरापेक्षा सासरचा विश्वास अशा लपवाछपवीनेच जास्त जातो, हे आमचं मत.

अष्टमेशाकडे या. मकरेचा स्वामी शनी, तो लग्नातच, मिथुनेत, बुधाच्या मित्रराशीत. अष्टमेश पहिल्या घरात आला की सासरचा विषय पोरीच्या अंगावर येतो असं वाचन आहे, म्हणजे त्या घरची जबाबदारी, आजारपण, देणीघेणी यात तिला बाजूला उभं राहता येत नाही, निर्णयात ओढलं जातं. शनी लग्नातून सातव्या घरालाही बघतो, त्यामुळे नवरा वयाने किंवा वागण्याने पोक्त, घरात मोठ्यांचा शब्द चालणारा. पण मिथुन लग्नाला हा शनी नुसता अष्टमेश नाही, नवव्या कुंभेचाही मालक म्हणून भाग्येश आहे. आणि शनी आयुष्याचा कारकही मानला जातो. म्हणून अशा शनीला "सासरचा त्रास" असं एका शब्दात गुंडाळणं चुकीचं आहे. आधी ओझं येणार, नंतर त्याच घरात किंमत मिळणार, असा तो शनी. दहाव्या मीनेत रवी, बुध, शुक्र, राहू एवढी गर्दी आहे, म्हणजे सासूबाई घरातलं मोठं प्रकरण असणार, एवढंच त्यावरून बोलू.

आता दशा, आणि दोन पत्रिकांचा खरा घोळ इथे कळतो. नक्षत्र शततारका, म्हणून जन्माला राहूची महादशा, मग गुरूची 16 वर्षं, आणि लग्नाच्या वयालाच शनीची 19 वर्षं सुरू होतात. घड्याळाची वेळ तीच असल्यामुळे गाव बदललं तरी चंद्र त्याच जागी राहतो, त्यामुळे दशा दोन्ही कागदांवर सारखीच छापून येते. पण वृषभ लग्नाला शनी नवव्या-दहाव्याचा मालक, योगकारक, तिथे ज्योतिषी म्हणणार की आता सोन्याचे दिवस आले, लगेच उरकून टाका. मिथुन लग्नाला तीच दशा अष्टमेश-भाग्येशाची, म्हणजे पहिली काही वर्षं सासरच्या जबाबदाऱ्या पेलायच्या, हे आधीच सांगून दिलेलं बरं. अशा वेळी आम्ही सांगतो की मुलाकडे बसून घर वेगळं का एकत्र, कर्ज कोणाच्या नावावर, पोरीची नोकरी पुढे चालणार का, हे लग्नाआधी स्पष्ट बोला. हे पत्रिका नसली तरी बोलायलाच पाहिजे, पण शनी बघून तरी लोक बोलतात.

तुमच्या हातातली पत्रिका चुकलीय का हे घरीच कसं ओळखायचं, तर लग्नाचे अंश बघा. लग्न राशीच्या पहिल्या दोन किंवा शेवटच्या दोन अंशांत असेल तर ती संधीची पत्रिका, तिच्यावरून आठव्या घराचं काही बोलू नका, आधी वेळ आणि गाव पक्कं करा. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावरची वेळ सगळ्यात बरी, तरी तीही कधीकधी नर्सने अंदाजे साडेदहा अशी गोल करून लिहिलेली असते. वेळ अशी शंकेची असेल तर आम्ही दोन्ही लग्नांच्या पत्रिका काढून घडून गेलेल्या गोष्टींशी ताडून बघतो, आजारपण, शिक्षणात खंड, घर बदलणं, आणि तरी जुळलं नाही तर कागदावर "लग्न संशयित" असं लिहून देतो. नवमांशाचं तर विचारूच नका, तो साधारण 13 मिनिटांत बदलतो, त्यामुळे अंदाजे वेळेवर नवमांशातून नवऱ्याचं वर्णन सांगणाऱ्यापासून लांब राहा.

हे सगळं परंपरेचं वाचन आहे, डॉक्टरच्या रिपोर्टसारखा पुरावा नाही. संसार किती वर्षं टिकेल याचा आकडा आम्ही देत नाही, कोणी पैसे दिले तरी नाही, आणि "वैधव्ययोग" हा शब्द आमच्या कागदावर कधी येत नाही. मुलाची तब्येत, व्यसन, कर्ज याची चौकशी गावात जाऊन करा, ती आठव्या घरातून होत नाही. कुंभविवाह करायचा का असं फोनवर विचारलं तर उत्तर मिळणार नाही, दोन्ही पत्रिका समोर ठेवल्याशिवाय आम्ही कोणताही विधी सुचवत नाही.

येताना मुलीचं आणि मुलाचं डिस्चार्ज कार्ड किंवा जन्मदाखला, प्रत्यक्ष जन्म कुठल्या गावात झाला ते नाव, आणि आधी काढलेल्या पत्रिका असतील तर त्या सगळ्या आणा, मोबाईलवरचा स्क्रीनशॉटही चालेल. जन्म मामाच्या गावचा आणि राहणं सुरत, नाशिक, पुणे असं असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. गावाच्या चुकीमुळे पत्रिका परत काढावी लागली तर त्याचे वेगळे पैसे घेत नाही.