चार तारांत मिळून 50 अँपिअर, मुख्य तारेत मात्र 30

एका बोर्डावरून चार जोडण्या निघतात. सगळ्या समांतर, म्हणजे प्रत्येकीला मिळतो तोच 230 व्होल्टचा, 50 हर्ट्झचा एसी पुरवठा. क्लॅम्प मीटर एकेका फेज तारेवर लावून पाहिला, तर हीटरच्या तारेत 13.0 अँपिअर, पहिल्या मोटरच्या तारेत 13.0, दुसऱ्या मोटरच्या तारेत 10.9 आणि कपॅसिटरच्या तारेत पुन्हा 13.0. बेरीज जवळजवळ 50. आता तोच मीटर या चौघांना पुरवठा करणाऱ्या मुख्य तारेवर लावा. आकडा येतो 30.2.

मीटर बिघडलेला नाही, आणि करंट कुठे गळतही नाही. किर्चहॉफचा नियम सांगतो की जोडाशी जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर पडतो, आणि तो इथेही तंतोतंत पाळला जातो. पण तो पाळला जातो क्षणाक्षणाला. मीटर दाखवतो तो आकडा कुठल्या एका क्षणाचा नसतो. तो संपूर्ण आवर्तनाचा एक प्रकारचा सरासरी आकडा असतो, ज्याला आपण आरएमएस म्हणतो. त्यात करंट किती हे कळतं, कधी हे कळत नाही. आणि इथे सगळा प्रश्न ‘कधी’चाच आहे.

50 हर्ट्झवर व्होल्टेजचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांत पूर्ण होतं. हीटरचा करंट व्होल्टेजबरोबरच चढतो, बरोबरच उतरतो. आपल्या पहिल्या मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्टेज आणि करंटच्या गुणाकारातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, 0.8 आहे; तिचा करंट व्होल्टेजपेक्षा साधारण 2 मिलिसेकंद उशिरा कळस गाठतो. दुसरी मोटर निम्म्या भारावर फिरते आहे, तिचा पॉवर फॅक्टर 0.6 आणि उशीर सुमारे 3 मिलिसेकंदांचा. कपॅसिटरचा करंट मात्र 5 मिलिसेकंद आधीच कळसाला पोचलेला असतो. चौघांचे कळस चार वेगवेगळ्या वेळी येतात, म्हणून मुख्य तारेत 50 चा कळस कधीच उभा राहत नाही.

मग एकूण करंट आधीच कसा काढायचा? चार लहरी कागदावर काढून बेरीज करता येते, पण त्याहून सुटसुटीत वाट आहे. प्रत्येक करंटचे दोन भाग पाडायचे. एक भाग व्होल्टेजच्या तालात चालणारा. उष्णता आणि फिरवण्याचं काम होतं ते याच्याच जोरावर. दुसरा भाग पाव आवर्तन मागे किंवा पुढे चालणारा. मोटरमध्ये हा दुसरा भाग चुंबकीय क्षेत्र उभं करतो. क्षेत्र उभं राहताना ऊर्जा पुरवठ्याकडून येते आणि ते मावळताना तितकीच परत जाते. कपॅसिटरमध्ये हीच ये-जा विद्युत क्षेत्रासाठी होते, फक्त उलट्या क्रमाने: मोटर ऊर्जा घेत असते तेव्हा कपॅसिटर देत असतो.

या विभागणीचा फायदा मला फार मोलाचा वाटतो. चारही करंट एकमेकांशी जुळत नव्हते, पण व्होल्टेज सगळ्यांना सामाईक आहे. त्यामुळे सगळ्यांचे पहिले भाग आपापसांत एका तालात येतात आणि सगळे दुसरे भागही आपापसांत एका तालात येतात. जे एका तालात चालतं त्याची साधी बेरीज चालते. पहिल्या भागाला व्होल्टेजने गुणलं की वास्तव शक्ती मिळते, जी किलोवॅटमध्ये मोजतात. दुसऱ्या भागाला गुणलं की रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती मिळते, जी केव्हीएआरमध्ये मोजतात. किलोवॅटमध्ये किलोवॅट मिळवायचे, केव्हीएआरमध्ये केव्हीएआर. मोटरचे केव्हीएआर अधिक, कपॅसिटरचे उणे. फ्रान्समध्ये हा नियम अभियंता पॉल बूशरो यांच्या नावाने ओळखला जातो.

आता आपल्या बोर्डाचं गणित करू. हीटर 3.0 किलोवॅटचा, केव्हीएआर शून्य. पहिली मोटर पुरवठ्यातून 2.4 किलोवॅट घेते. इथे जरा थांबायला हवं, कारण मोटरच्या नेमप्लेटवरचा किलोवॅटचा आकडा शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा असतो. या मोटरच्या प्लेटवर 2 किलोवॅट आणि कार्यक्षमता 83 टक्के असेल, तर भागाकार करून 2.4 किलोवॅट येतात, आणि बेरजेत घ्यायचे ते हे. हा भागाकार विसरला गेला की पुढचं सगळं उत्तर कमी येतं. 2.4 ला पॉवर फॅक्टर 0.8 ने भागलं की 3.0 केव्हीए, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांचा सरळ गुणाकार, हजारांत मोजलेला. 3.0 च्या वर्गातून 2.4 चा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की 1.8 केव्हीएआर. दुसरी मोटर 1.5 किलोवॅट घेते, 0.6 ने भागून 2.5 केव्हीए, आणि त्याच रीतीने 2.0 केव्हीएआर.

कपॅसिटर सध्या बाजूला ठेवू. वास्तव शक्ती 3.0 + 2.4 + 1.5 = 6.9 किलोवॅट. रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती 1.8 + 2.0 = 3.8 केव्हीएआर. या दोन बेरजा एकमेकींत सरळ मिळवता येत नाहीत, कारण त्यांच्यात पाव आवर्तनाचं अंतर आहे. त्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू आहेत आणि एकूण केव्हीए हा त्याचा कर्ण.

S = √(P² + Q²) = √(6.9² + 3.8²) ≈ 7.88 kVA

7880 भागिले 230, म्हणजे 34.3 अँपिअर. मुख्य तारेत वाहणारा करंट हा.

याच ठिकाणी तीन चुका हमखास होतात. केव्हीए सरळ मिळवले तर 3.0 + 3.0 + 2.5 = 8.5 आणि करंट 37 अँपिअर. ही चूक निदान सुरक्षित बाजूला पडते, तार थोडी जाड घेतली जाईल इतकंच. फक्त किलोवॅट धरले तर 6900 भागिले 230, म्हणजे 30 अँपिअर. ही चूक धोक्याची, कारण 32 अँपिअरचा ब्रेकर पुरेल असं वाटतं आणि प्रत्यक्षात त्यातून 34 वाहतात. तिसरी चूक पॉवर फॅक्टरची सरासरी काढण्याची: 1, 0.8 आणि 0.6 ची सरासरी 0.8 येते, पण खरा पॉवर फॅक्टर 6.9 भागिले 7.88, म्हणजे 0.88 आहे. पॉवर फॅक्टर हे गुणोत्तर आहे. गुणोत्तरांची बेरीज-सरासरी करून शक्तीचा हिशेब लागत नाही.

आता 3.0 केव्हीएआरचा कपॅसिटर जोडू. तो स्वतः 13 अँपिअर घेतो, पण वास्तव शक्ती जवळजवळ शून्य आणि रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती उणे 3.0. एकूण किलोवॅट तेच, 6.9. केव्हीएआर मात्र 3.8 वरून 0.8 वर येतात. कर्ण 6.95 केव्हीए, करंट 30.2 अँपिअर. म्हणजे 13 अँपिअर घेणारी वस्तू वाढवली आणि एकूण करंट 4 अँपिअरने उतरला. मोटरी जी ऊर्जा पाव आवर्तनासाठी मागतात ती आता बरीचशी शेजारच्या कपॅसिटरमधूनच मिळते. तिला मुख्य तारेतून येरझारा घालाव्या लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी: ही बचत जोडाच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूलाच होते. मोटरच्या स्वतःच्या तारेत आधीही 13 अँपिअर होते, आताही 13 च आहेत. बोर्डावर कपॅसिटर लावला म्हणून मोटरकडे जाणारी तार बारीक करता येत नाही.

आणि दोन्ही मोटरी बंद करून कपॅसिटर तसाच जोडलेला राहिला तर? हीटरचे 3.0 किलोवॅट आणि उणे 3.0 केव्हीएआर. वर्ग करताना उणे चिन्ह गळून पडतं, कर्ण 4.24 केव्हीए आणि करंट 18.4 अँपिअर. एकट्या हीटरला 13 पुरले असते. म्हणूनच कपॅसिटर मोटरच्या स्विचमागे जोडतात, किंवा बदलत्या भारासाठी कपॅसिटरचे गट आपोआप आत-बाहेर करणारा कंट्रोलर वापरतात.

शक्तीच्या बेरजेची खरी मिजास तारेचा हिशेब करताना दिसते. समजा, बोर्डापर्यंत येणाऱ्या तारेचा एकूण रोध 0.1 ओहम आहे आणि रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा अडथळा, 0.05 ओहम. आता तारेच्या पलीकडचं व्होल्टेज वेगळं असतं आणि आपला सामाईक ताल हरवतो. पण शक्तीची बेरीज तिथेही टिकते, कारण तारही एक लोडच मानता येते. कपॅसिटर नसताना 34.3 अँपिअर वाहत होते. त्याचा वर्ग गुणिले 0.1, म्हणजे सुमारे 117 वॅट, आणि गुणिले 0.05, म्हणजे सुमारे 59 व्हीएआर. हे मिळवले की पुरवठ्याच्या टोकाला 7.02 किलोवॅट आणि 3.86 केव्हीएआर, कर्ण 8.01 केव्हीए. त्याला करंटने भागलं की 233.8 व्होल्ट. म्हणजे बोर्डावर 230 व्होल्ट मिळायला दुसऱ्या टोकाला जवळजवळ 234 लागतात. कपॅसिटर जोडल्यावर तारेत जळणारी शक्ती 117 वॅटवरून 91 वॅटवर येते.

हे सगळं चालतं ते करंटची लहर साइन आकाराची असते तोवर. मोटर सुरू होतानाचे काही क्षणही या बेरजेत बसत नाहीत, कारण तेव्हा ती नेहमीच्या करंटच्या कैक पट खेचते आणि पॉवर फॅक्टरही खूप खाली असतो. ब्रेकर निवडताना तो हिशेब वेगळा करावा लागतो. पण जास्त फसवणारी अडचण दुसरी आहे. एलईडीचे ड्रायव्हर, संगणकाचे पॉवर सप्लाय, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांपैकी अनेक जण व्होल्टेजच्या कळसाजवळ करंटचा एक आखूड झटका घेतात आणि उरलेला वेळ जवळजवळ काहीच घेत नाहीत. असा एखादा लोड 600 वॅट आणि 1000 व्हीए दाखवेल. पॉवर फॅक्टर 0.6 पाहून कुणी त्रिकोण मांडला, तर 800 व्हीएआर निघतील. ते खोटे असतात. तिथे करंट उशिरा येत नाही, त्याचा आकार बिघडलेला असतो. त्यात 150, 250 हर्ट्झच्या लहरी मिसळलेल्या असतात. असे ‘व्हीएआर’ मोटरच्या केव्हीएआरमध्ये मिळवले तर उत्तर चुकतं, आणि ते भरून काढायला कपॅसिटर लावला तर तोच त्या वरच्या लहरी ओढून घेऊन तापू शकतो.

हे ओळखायला वॅट, मूळ 50 हर्ट्झचे व्हीएआर आणि खरा आरएमएस करंट वेगवेगळे दाखवणारा पॉवर अ‍ॅनालायझर लागतो. व्होल्टेज गुणिले करंट केल्यावर जे व्हीए येतात ते P आणि Q च्या कर्णाइतकेच असतील, तर वरची बेरीज निर्धास्तपणे वापरावी. ते कर्णापेक्षा स्पष्टपणे जास्त आले, तर लहरीचा आकार बिघडलेला आहे. मग मुख्य तारेतला करंट बेरजेने न काढता सगळे लोड चालू ठेवून तिथेच मोजावा, आणि तोही खरा आरएमएस मोजणाऱ्या मीटरने. साधा सरासरीवर चालणारा क्लॅम्प मीटर अशा झटकेदार करंटचा आकडा कमी दाखवतो.