टीसीपी विंडो व लांब पल्ल्याचा वेग

टीसीपी म्हणजे इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवण्याची पद्धत. तिच्यात पोच येण्यापूर्वी जास्तीत जास्त जितके बाइट वाटेवर ठेवता येतात, त्या मर्यादेला विंडो म्हणतात. तेवढा डेटा गेला की पाठवणारा पोचेसाठी थांबतो. म्हणून एका जोडणीचा कमाल वेग म्हणजे विंडो भागिले जाऊन-येऊन लागणारा वेळ. लाइन कितीही वेगवान घेतली तरी ही मर्यादा हलत नाही.

पणजी ते लिस्बन हे सरळ अंतर सुमारे ८,३०० किमी आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किमी जातो, त्यामुळे जाऊन-येऊन किमान ८३ मिलिसेकंद लागणारच. केबल वळसे घेत जाते, म्हणून हिशेबाला १६० मिलिसेकंद धरू. विंडो ६५,५३५ बाइट असेल तर वेग जेमतेम ३.३ एमबीपीएस मिळतो आणि एक जीबीच्या फाइलला सुमारे ४१ मिनिटे लागतात. पणजीतली लाइन १०० एमबीपीएसची असली तरी हेच. ती पूर्ण भरायची तर सुमारे २० लाख बाइट सतत वाटेवर हवेत. तीच लहान विंडो ५ मिलिसेकंदांवरच्या सर्व्हरशी मात्र जवळजवळ १०५ एमबीपीएस देऊ शकते. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते आणि बहुधा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, म्हणून तिथे काही खोट दिसत नाही.

६५,५३५ ही मर्यादा आरएफसी या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजांपैकी आरएफसी ७९३ (१९८१) मधील १६ बिटांच्या रकान्यातून आली. ती ओलांडण्याचे श्रेय सहसा आरएफसी १३२३ ला (१९९२) दिले जाते. परंतु विंडोला गुणक लावण्याचा पर्याय जेकबसन व ब्रेडन यांच्या आरएफसी १०७२ मध्ये (१९८८) आधीच मांडलेला आहे, त्यामुळे आरंभ तिथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आजचा संदर्भ आरएफसी ७३२३ (२०१४) हा होय. गुणक १४ बिटांपर्यंत सरकतो, म्हणजे विंडो जवळपास एक जीबीपर्यंत जाते.

गुणक फक्त जोडणी जुळताना, दोन्ही बाजूंच्या एसवायएन या सुरुवातीच्या पॅकेटांतच ठरतो. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने तो पर्याय काढून टाकला तर जोडणी शेवटपर्यंत ६४ केबीवरच राहते, आणि कुठे चूक झाल्याचा संदेशही येत नाही. पाठवणारी बाजू लिनक्स असल्यास फाइल जात असताना तिथे पाहावे:

```
ss -ti
```

`wscale` दिसत नसेल तर गुणक ठरलेलाच नाही. `rwnd_limited` चे प्रमाण मोठे असेल तर घेणाऱ्याची विंडो अपुरी आहे; तिथे `net.ipv4.tcp_rmem` मधला तिसरा आकडा तपासावा. `sndbuf_limited` मोठे असेल तर पाठवणाऱ्याचा बफर कमी पडतो.

दोन्ही नगण्य असून `cwnd`, म्हणजे पाठवणाऱ्याने वाटेतल्या गर्दीनुसार स्वतःवर घातलेली विंडो, लहान आणि `retrans`, म्हणजे पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा, वाढत असेल तर दोष पॅकेट गळतीचा. २० लाख बाइट म्हणजे १,४६० बाइटांची सुमारे १,३७० पॅकेटे. ही विंडो ठरवण्याच्या जुन्या रेनो पद्धतीत एक पॅकेट हरवले की विंडो निम्मी होते आणि दर फेरीला एकेकाने वाढते, म्हणजे पूर्वपदावर यायला ६८५ फेऱ्या, जवळपास ११० सेकंद. क्यूबिक या नंतरच्या पद्धतीत वाढ फेऱ्यांऐवजी घड्याळाच्या वेळेवर बेतलेली असल्याने लांब पल्ल्याला ती उजवी ठरते.