गायरोचा बायस वेगळा, नॉइज वेगळा: कॅलिब्रेशनचं काम कालमनच्या गळ्यात घालू नका

रोबोट सरळ चालतोय आणि स्क्रीनवरचा मॅप मात्र हळूहळू फिरत चाललाय, असं दिसलं की बरेच जण पहिलं काय करतात तर सेन्सरची मापं एकत्र करणाऱ्या कालमन फिल्टरमधला गायरोचा R वाढवतात, म्हणजे गायरोवरचा भरवसा कमी करतात. मीही बरेच दिवस तेच करत बसलो होतो. फरक पडतो थोडा, पण मॅप फिरायचा थांबत नाही. कारण R हा नॉइजसाठी असतो आणि मॅप फिरवणारा असतो बायस, ह्या दोन्ही गायरोच्याच चुका असल्या तरी त्यांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे.

उदाहरण साधं घेऊ. दोन चाकांचा छोटा रोबोट, चाकं ६५ मिमी व्यासाची, दोन चाकांमधलं अंतर १५ सेंमी, दोन्हीवर एन्कोडर आणि वर एमपीयू-६०५० चिप. रोबोट फरशीवर ठेवा, चिप चार-पाच मिनिटं तापू द्या आणि मग अजिबात हात न लावता एक मिनिट १०० हर्ट्झने गायरोचा झेड अक्ष लॉग करा, म्हणजे ६००० रीडिंग मिळतील. समजा त्यांची सरासरी आली −१८३ काउंट. ±२५० च्या रेंजला १३१ काउंट म्हणजे सेकंदाला १ अंश, म्हणजे रोबोट जागचा हललेला नसताना गायरो सांगतोय की तो सेकंदाला १.४ अंशांनी फिरतोय. हा बायस. चिप खराब आहे असं समजू नका, डेटाशीटच सेकंदाला ±२० अंशांपर्यंतची सूट देते. आणि त्या सरासरीच्या आजूबाजूला रीडिंग जे थरथरतं, साधारण ०.०५ अंश, तो नॉइज.

आता हे दोन्ही एक मिनिट इंटिग्रेट करून बघा. बायसची चूक दर वेळी त्याच बाजूला ढकलते, १.४ गुणिले ६० म्हणजे ८४ अंश, जवळजवळ काटकोन. नॉइज कधी इकडे ढकलतो कधी तिकडे, त्यामुळे बराचसा आपापसात कटतो आणि उरतो तो वेळेच्या वर्गमुळाने वाढतो: ०.०५ गुणिले √(०.०१ × ६०), म्हणजे ०.०४ अंश. एकीकडे ८४ आणि दुसरीकडे ०.०४! आणि आपण R वाढवून ह्या ०.०४ वाल्याशी भांडत असतो.

कालमनचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे, की चुकांची सरासरी शून्य आहे. गायरो आणि एन्कोडर दोघांचा फिरण्याचा वेग तो वजन देऊन एकत्र करतो, गायरोला ०.९ वजन दिलं तर १.४ मधले १.२६ अंश तसेच आत येतात, R वाढवून वजन ०.१ केलं तरी ०.१४ येतातच, मिनिटाला ८ अंश. आणि तेवढं करून गायरोचा जो खरा फायदा होता, चाक घसरलं तरी खरं सांगणं, तो आपण फेकून दिलेला असतो.

म्हणून आधी सरासरी वजा करायची, हेच कॅलिब्रेशन. पण एकदा वजा केलं की संपलं असंही नाही कारण बायस तापमानाबरोबर सरकतो. मोटर आणि बॅटरी तापल्यावर तो ०.०३ ने जरी सरकला तरी मिनिटाला १.८ अंश जातात. इथे मात्र कालमन खरंच कामाला येतो, पण बायसला नॉइज मानून नाही, बायसला स्वतःची एक स्टेट देऊन. रोबोट थांबलेला असताना खरा वेग शून्य आहे हे आपल्याला एन्कोडरवरून माहीत असतं, म्हणजे त्या वेळी गायरो जे दाखवतो ते बायसचंच माप. बायसपुरता तुकडा एवढाच:

```
Pb = Pb + Qb
K  = Pb / (Pb + R)
b  = b + K * (w_gyro - b)
Pb = (1 - K) * Pb
```

इथे b म्हणजे बायसचा अंदाज, Pb म्हणजे त्या अंदाजातल्या शंकेचा वर्ग, Qb म्हणजे बायस सरकतो म्हणून दर रीडिंगला वाढणारी शंका, K म्हणजे नव्या रीडिंगला दिलेलं वजन आणि R म्हणजे ०.०५ चा वर्ग, ०.००२५. सुरुवातीला बायसबद्दलची शंका ०.१ अंश धरली तर Pb ०.०१, म्हणजे पहिला K ०.८ येतो, आणि Qb अगदी छोटा असेल तर एक सेकंद थांबल्यावर (१०० रीडिंग) शंका ०.००५ अंशांच्या आसपास उतरते. रोबोट वळायच्या आधी अर्धा-एक सेकंद थांबला तरी बायस ताजा होतो. चालताना w_gyro च्या जागी w_gyro - w_enc टाका आणि R बराच मोठा ठेवा, कारण एन्कोडर तितका गुळगुळीत नसतो, २० भोकांची चकती असेल तर एक टिक म्हणजे १ सेंमी आणि इथे ती ३.८ अंशांची उडी आहे. ह्याच कारणाने एक टिक आली नाही म्हणून लगेच थांबला असं समजू नका, निदान अर्धा सेकंद शांतता बघा.

हीच बायस-नॉइजची जोडी चाकांतही आहे आणि तिकडे लोक अजून कमी बघतात. उजवं चाक डाव्यापेक्षा १ टक्का मोठं असेल, म्हणजे फक्त ०.६५ मिमी, तर दर मीटरला दोन चाकांत १ सेंमीचा फरक पडतो आणि ओडोमेट्री म्हणते सरळ, पण रोबोट ३.८ अंश वळलेला असतो. ही ठरलेली चूक, दर मीटरला त्याच बाजूला, आणि वरच्या चालतानाच्या सूत्रात ती थेट गायरोच्या बायसमध्ये जाऊन बसते. चाक घसरणं ही दुसरी, कधी होते कधी नाही. पहिली ओळखायला मिशिगन विद्यापीठातल्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांची १९९० च्या दशकातली चौकोनाची चाचणी अजूनही उत्तम आहे: ४ × ४ मीटरचा चौकोन घड्याळाच्या दिशेने पाच वेळा आणि उलट दिशेने पाच वेळा. दोन्ही दिशा का, तर एकाच दिशेने गेलं की चाकांच्या व्यासाची चूक आणि चाकांमधल्या अंतराची चूक एकमेकींना झाकू शकतात, मग रोबोट बरोबर जागी परत येतो आणि आपण खूश होतो.

गायरोचा स्केल, म्हणजे काउंटचे अंश करायचा गुणक, त्यातली चूकही बायसच्याच जातीची पण थांबून कधीच दिसत नाही. बायस वजा करून झाल्यावर रोबोट भिंतीला टेकवा, सावकाश १० पूर्ण फेऱ्या मारा, परत टेकवा. ३६०० ऐवजी ३५४६ आले तर सगळं १.०१५ ने गुणा. बायस आधी काढणं महत्त्वाचं, नाहीतर फेऱ्यांना लागलेल्या वेळाची चूक स्केलमध्ये शिरते.

घसरण्यासाठी गेट लावा. सतरंजीच्या कडेवर एक चाक जागच्या जागी फिरलं की एन्कोडर म्हणतो ३० अंश, गायरो म्हणतो २, आणि फिल्टर बिचारा तो २८ चा फरक बायसमध्ये भरायला लागतो. फरक 3 * sqrt(Pb + R) च्या बाहेर असेल तर ते रीडिंग सोडून द्या. कोणी रोबोट उचलून फिरवला तरी हाच गेट वाचवतो, तेव्हा चाकं शांत असतात आणि गायरो ओरडत असतो.

आपल्याकडे बायस आणि नॉइज यांपैकी काय बिघडलंय हे कसं ओळखायचं? इनोव्हेशन प्लॉट करा, म्हणजे माप वजा फिल्टरचा अंदाज. ते शून्याच्या दोन्ही बाजूंना उड्या मारतंय पण अंदाजापेक्षा मोठ्या, तर R लहान पडलाय, तो वाढवा. ते शून्याच्या एकाच बाजूला बसून राहिलंय तर R ला हात लावू नका, बायस, स्केल किंवा चाकांचा व्यास शोधा. वळतानाच सरकत असेल तर स्केल किंवा चाकांमधलं अंतर, सरळ जाताना वेगाबरोबर वाढत असेल तर व्यास, आणि थांबलेला असतानाही सरकलेलं असेल तर बायस.

आरओएस वापरणाऱ्यांसाठी एक: robot_localization च्या ekf_node मध्ये १५ स्टेट आहेत, जागा, दिशा, दोन्हींचे वेग आणि फक्त जागेचं त्वरण, पण गायरोचा बायस त्यात नाही. त्यामुळे बायस आयएमयूच्या ड्रायव्हर नोडमध्येच, टॉपिक पब्लिश करायच्या आधी वजा झाला पाहिजे, वरच्या चार ओळी तिथेच टाका.