लॉटरीवर सरसकट ३० टक्के टॅक्स आला कुठून?

आमच्या गावच्या पानठेल्यावर परवा एक काका भडकले होते. त्यांच्या ओळखीतल्या एका मजुराला १ लाखाचं बक्षीस लागलं आणि हातात पडले ७० हजार. "कापसाचे धा लाख आले तरी टॅक्स नाई अन् लाटरीचे एक लाख लागले तं तीस हजार गेले, हा कोनता न्याय होय बाप्पा?" प्रश्न बरोबरच आहे, पण गंमत अशी की आधी हे उलटं होतं, म्हणजे लॉटरीला इन्कमच मानत नव्हते.

इंग्रजांच्या काळातला १९२२ चा इन्कम टॅक्सचा कायदा होता, त्यात अचानक आणि एकदाच आलेला पैसा टॅक्समधून बाहेर ठेवला होता. इन्कम म्हणजे काय तर ठराविक जागेवरून पुन्हापुन्हा येणारा पैसा, १९३२ च्या शॉ वॉलेस केसमध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, त्याला झाडाचं फळ नाहीतर शेतातलं पीक अशी उपमा दिली होती. आता बघा, ज्या पिकाची उपमा दिली ते पीक आजही टॅक्सबाहेर आहे, आणि ज्याला पीक मानत नव्हते त्या लॉटरीवर ३० टक्के! १९६१ च्या नवीन कायद्यातही ही सूट तशीच चालू राहिली.

मग केरळनं १९६७ मध्ये सरकारी लॉटरी काढली, १९६९ ला महाराष्ट्राची आली, बाकी राज्यंही लागली मागे, आणि एक धंदा सुरू झाला. समजा एखाद्या व्यापाऱ्याकडे १ लाख १० हजार काळा पैसा पडून आहे. ज्याला खरंच तिकीट लागलं त्याला तो गाठणार, १ लाखाच्या तिकिटाचे १ लाख १० हजार रोख देणार, आणि तिकीट आपल्या नावावर वटवून टाकणार. मजूर खूश, व्यापारीही खूश, कारण पैसा पांढरा झाला आणि त्यावर टॅक्स शून्य. काळ्या पैशावर नेमलेल्या वांछू समितीचा रिपोर्ट १९७१ च्या शेवटी आला, आणि १९७२ च्या बजेटमध्ये, तेव्हा अर्थमंत्री आपले यशवंतराव चव्हाणच होते, लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांची रेस, पत्ते, जुगार ह्या सगळ्यातली जीत 'इन्कम' झाली. बक्षीस देतानाच टीडीएस कापायचा नियमही तेव्हाचाच.

पण तेव्हा दर सरसकट नव्हता. बक्षिसातली बरीच रक्कम वजा करून मिळायची आणि उरलेल्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स लागायचा. इथंच गोची होती. स्लॅब म्हटलं की कमी कमाईवाल्याला कमी टॅक्स, मग तिकीट सालदाराच्या, बायकोच्या, म्हाताऱ्या आईच्या नावावर दाखवलं की काम झालं.

१९८६ मध्ये हे सगळं काढलं आणि ११५बीबी कलम आलं, सरळ ४० टक्के, जिंकणारा कोणीही असो. सालदाराचं नाव लावून काही उपयोगच उरला नाही. तिकिटांचा खर्च वजा होत नाही, मागच्या हरलेल्या तिकिटांचा तर नाहीच नाही. २००१ च्या बजेटमध्ये दर ३० टक्क्यांवर आला, म्हणजे सगळ्यात वरच्या स्लॅबच्या बरोबरीला. आणि टीडीएसचा दर पण तोच ठेवलेला असल्यामुळे जिंकणाऱ्याच्या मागे फिरायची गरज नाही, पैसा जागेवरच कापला जातो. मला विचाराल तर खरं कारण हेच, वसुली सोपी.

काकांच्या मजुराचाच हिशोब घ्या. बाकी कमाई इतकी कमी की एरवी त्याला टॅक्स लागलाच नसता, पण बक्षिसाला ती बेसिक सूट लागू होत नाही. १ लाखाचे ३० टक्के म्हणजे ३० हजार, वर त्या टॅक्सवर ४ टक्के सेस, १,२०० रुपये. टीडीएसमध्ये सेस कापत नाहीत, म्हणून नवीन टॅक्स रेजीममध्ये रिटर्न भरताना ते १,२०० अजून निघतात. लोक रिटर्न भरून 'रिफंड येईल' म्हणून बसतात, त्या रेजीममध्ये तो काही येत नाही. जो कायदा व्यापाऱ्याला पकडायला केला त्यात मजूरच जास्त भरडला गेला हे मात्र खरं.

एक भानगड वस्तूंची. लकी ड्रॉमध्ये ९० हजारांची गाडी लागली तर तिच्यातून ३० टक्के कापणार कसे, म्हणून चावी द्यायच्या आधी २७ हजार टॅक्स भरला गेलाय हे बघणं आयोजकावर असतं, आणि बरेचदा ते पैसे जिंकणाऱ्यालाच द्यावे लागतात. ह्याचाच फायदा फोनवरचे भामटे घेतात, "पंचवीस लाख लागले, आधी टॅक्स भरा." अरे, रोख बक्षिसात टॅक्स बक्षिसातूनच कापतात, आधी कोणाच्या खात्यात टाकायला सांगत नाहीत. आणि खरंच कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर इन्कम टॅक्सच्या साइटवर दिसतो. लगेच नाही, बक्षीस देणाऱ्याचं तिमाहीचं स्टेटमेंट भरलं गेल्यावर, पण दिसतो. त्या मजुराला पण तेच सांगितलं, सेतू केंद्रावर जाऊन आधी ते ३० हजार तुझ्या पॅनवर चढले का ते बघ, नसतील चढले तर ज्यानं बक्षीस दिलं त्याला पकड.